फोटोतला 916, मुशीतला 894

हॉलमार्किंग केंद्राच्या काउंटरवर आजकाल दागिन्याआधी त्याचा फोटो येतो. नात्यातलं कुणीतरी पाटली विकतंय, घेणारी दुसऱ्या गावात आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो आलेत आणि प्रश्न एकच असतो: "शिक्का खरा आहे ना?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा देता येतं. पंचाईत अशी, की विचारणाऱ्याला शिक्क्याचं उत्तर नकोच असतं, सोन्याचं हवं असतं. या दोन उत्तरांमध्ये किती अंतर असू शकतं ते एका पाटलीच्या फोटोपासून ती वितळवून केलेल्या लगडीपर्यंत जाऊन दाखवतो.

पाटली भरीव आहे, खडे नाहीत, आत लाख नाही. तपासायला याहून सोपा दागिना नाही. वजन 24.400 ग्रॅम, माप 2-8. बिल हरवलेलं. पहिला फोटो पूर्ण पाटलीचा, दुसरा तिच्या आतल्या बाजूचा आणि तिसरा शिक्क्याचा, जवळून काढलेला.

तिसऱ्या फोटोत तीन खुणा ओळीने दिसतात: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, पुढे 22K916, म्हणजे बावीस कॅरट, हजारात 916 भाग सोनं, आणि त्यापुढे अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक. आजच्या हॉलमार्कला इतकंच लागतं. नुसतं 916 असेल, किंवा 916 आणि दुकानाची आद्याक्षरं असतील, तर तो हॉलमार्क नव्हे; सोनाराने आपल्या पंचाने मारलेला आकडा आहे. केडीएम या अक्षरांचंही तेच. कॅडमियम घातलेल्या डाखाने जोडकाम केलं एवढंच ती सांगत, आणि आता हॉलमार्कच्या सोन्यात कॅडमियम चालतही नाही. आखातातून आणलेल्या बांगड्यांवर 916 किंवा 875 असतं, पण बीआयएसचं चिन्ह नसतं. म्हणून तो माल खोटा ठरत नाही. इकडच्या कुठल्या केंद्राने तो तपासलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या दागिन्यांच्या फोटोत खुणांची संख्या पाहून काळ ओळखता येतो, आणि फोटोचा खरा उपयोग आमच्या मते इथे आहे. सोन्याचं हॉलमार्किंग 2000 साली सुरू झालं. तेव्हापासून 2016 अखेरपर्यंत पाच खुणा असत: बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा, केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्षाचं अक्षर. ए म्हणजे 2000, बी म्हणजे 2001, जे म्हणजे 2008. शुद्धता नुसत्या 916 या आकड्याने लिहिली जाई. 2017 च्या जानेवारीपासून वर्षाचं अक्षर गेलं आणि 916 च्या आधी 22K आलं. खुणा चार राहिल्या. 1 जुलै 2021 पासून एचयूआयडी आला, सराफाची आणि केंद्राची स्वतंत्र खूण गेली, खुणा तीन झाल्या. आणि 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानात विकता येत नाही. घरातल्या जुन्या शिक्क्यांना मात्र याने बाधा येत नाही. ते पूर्वीइतकेच ग्राह्य आहेत.

खोटा शिक्का मारणारा बहुधा या काळांची सरमिसळ करतो. 22K916 लिहिलेलं आणि शेजारी वर्षाचं अक्षर असा फोटो आला की आम्ही लगेच थांबतो, कारण या दोन पद्धती एकमेकींच्या मागेपुढे आल्या, एकत्र नांदल्या नाहीत. उलट चार जुन्या खुणा आणि त्यांच्यासोबत एचयूआयडी दिसला तर घाबरायचं कारण नाही. 2021 नंतर सराफांनी जुना शिल्लक माल पुन्हा केंद्रात पाठवून त्यावर एचयूआयडी मारून घेतला होता.

शिक्का लेझरने मारलाय की पंचाने, हेही चांगल्या फोटोत कळतं. लेझरची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असते, तिच्या कडेला धातू फुगलेला नसतो आणि भिंगाखाली ती बारीक ठिपक्यांची दिसते. पंचाचा ठसा खोल असतो, कडा वर आलेल्या असतात, अक्षर एका बाजूला जास्त दबलेलं असतं. एचयूआयडी पंचाने एकेक अक्षर ठोकून लिहिलेला दिसला तर तो दागिना हातात घेतल्याशिवाय पुढे बोलू नये.

हे सगळं दिसायला फोटो मात्र धड हवा. शिक्क्याची एकेक खूण मिलिमीटरभराची असते. फोन अगदी जवळ नेला की फोकस सुटतो, म्हणून थोडं लांब धरून दुप्पट-तिप्पट झूम करावा. प्रकाश समोरून नको, बाजूने तिरका हवा, म्हणजे रेघेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. फ्लॅश बंद. शिक्क्याचा फोटो आणि पूर्ण दागिन्याचा फोटो वेगवेगळे न घेता एक सलग व्हिडिओ घ्यावा: पूर्ण पाटली, मग कॅमेरा न थांबवता शिक्क्यापर्यंत. नाहीतर शिक्का एका पाटलीचा आणि फोटो दुसरीचा, हे पाहणाऱ्याला कधीच कळणार नाही. पाठवताना तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि त्यात 8 चा B, 0 चा O, 5 चा S होतो. अ‍ॅपमध्ये नंबर सापडत नाही अशी तक्रार येते तेव्हा आम्ही आधी हीच अक्षरं आलटून पालटून पाहतो.

रंगावर मात्र विसंबू नये. फोनचा कॅमेरा पिवळेपणा स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. एकच बांगडी ट्यूबलाइटखाली फिकी आणि पिवळ्या बल्बखाली तांबूस दिसते. फोटोत रंग उपयोगी पडतो तो तुलनेपुरता: एकाच चौकटीत, एकाच दागिन्यावर, घासल्या जाणाऱ्या कडेला वेगळा धातू डोकावतोय का एवढ्यासाठी. कडीच्या आतल्या बाजूला लालसर किंवा पांढरट पट्टा दिसला तर वर मुलामा आहे.

आमच्या पाटलीच्या फोटोत असलं काही नव्हतं. एचयूआयडी स्वच्छ वाचता आला. `BIS CARE` अ‍ॅपमध्ये `Verify HUID` उघडून तो टाकला. समोर आलं: नग बांगडी, शुद्धता 22K916, हॉलमार्किंगची तारीख 2022 मधली, सराफाचं नाव व नोंदणी क्रमांक, केंद्राचं नाव. सगळं जुळलं.

इथवर काय सिद्ध झालं ते नीट पाहायला हवं, कारण बहुतेक व्यवहार इथेच पक्के होतात. हा नंबर खरा आहे. 2022 साली त्या सराफाची एक बांगडी त्या केंद्रात 22 कॅरट म्हणून उतरली. पुढचं मात्र सिद्ध झालेलं नाही. तो नंबर याच पाटलीला दिला होता हे अ‍ॅप सांगत नाही. खऱ्या बांगडीचा नंबर पाहून तो दुसऱ्या बांगडीवर लेझरने लिहिला तर अ‍ॅपमध्ये बांगडीच दिसणार. नक्कल करणारा आळशी असेल तर अंगठीचा नंबर गळ्यातल्यावर मारतो आणि सापडतो. जरा हुशार असेल तर सापडत नाही. आणि दुसरं, 2022 नंतर या पाटलीचं काय झालं याची नोंद कुठेच नाही. विकणाऱ्याने बिल ठेवलं असतं तर त्यावर निव्वळ वजन, कॅरट आणि हॉलमार्किंगचा आकार वेगळा लिहिलेला असता, आणि पुढची बरीचशी खटपट त्या एका वजनाच्या आकड्यावर वाचली असती. आम्ही घेणाऱ्या बाईंना एवढंच सांगितलं, "ताई, शिक्का बरोबर दिसतोय. टंच, म्हणजे सोन्याचा कस, फोटोवरून निघत नाही. पाटली घेऊन या."

हॉलमार्कचा कुठलाही दागिना ग्राहक स्वतः मान्यताप्राप्त केंद्रात तपासायला देऊ शकतो. चार नगांपर्यंत 200 रुपये आणि पाच किंवा जास्त असतील तर नगाला 45 रुपये असा दर आहे, वर कर. हॉलमार्क नसलेलं घरातलं जुनं सोनंही असंच तपासून मिळतं. फक्त त्यावर शिक्का मारून हवा असेल तर नोंदणी असलेल्या सराफामार्फतच यावं लागतं. ग्राहकाला केंद्र अहवाल देतं, शिक्का देत नाही.

पाटली आली. आधी वजन, मग भिंग. दहापट भिंगाखाली शिक्का लेझरचाच निघाला, आणि शिक्क्यावरून वापराचे बारीक ओरखडे गेलेले होते, म्हणजे तो काल मारलेला नव्हता. आतली बाजू फिरवताना एके ठिकाणी नक्षीची ओळ केसभर सरकलेली दिसली. तीन सेंटिमीटर पुढे तसंच पुन्हा. पाटलीचं माप वाढवलं होतं. 2-2 ची पाटली 2-8 करायची तर घेर साधारण 170 मिलिमीटरचा 200 करावा लागतो, म्हणजे तीन सेंटिमीटरचा तुकडा मध्ये घालावा लागतो. यात गैर काही नाही. हात भरले की बायका माप वाढवून घेतातच. फक्त तो तुकडा कोणत्या सोन्याचा, हे शिक्का सांगू शकत नाही. तो शिक्क्यानंतर आलेला आहे.

पुढे पाण्यातलं वजन. काट्यावर पाण्याचं भांडं स्वतंत्र आधारावर ठेवायचं, पाटली बारीक दोऱ्याने काट्याला टांगून पूर्ण बुडवायची, भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही. हवेतलं वजन 24.400, पाण्यातलं 23.001, घट 1.399 ग्रॅम. भागाकार केला की घनता 17.4. 22 कॅरट सोन्यात उरलेला हिस्सा सगळा तांब्याचा असेल तर घनता 17.6 च्या आसपास येते आणि सगळा चांदीचा असेल तर 18 च्या. 17.4 म्हणजे थोडं कमी.

या आकड्यावर आम्ही अहवाल लिहिणार नाही, आणि घरी काटा असणाऱ्यांनीही लिहू नये. 17.8 घनतेच्या शुद्ध बावीस कॅरटाला घट 1.371 आली असती. म्हणजे सगळा वाद 0.028 ग्रॅमचा. एवढं पाणी हटवायला नक्षीत अडकलेले हवेचे चार बुडबुडे पुरतात. म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, पाटली बुडवून मऊ ब्रशने पुसायची, मग वजन घ्यायचं. दोन दशांश स्थळांचा काटा असेल तर 0.01 ची चूक घनतेत एका दशांशाहून जास्त दिसते. हा प्रयोग मोठी फसवणूक पकडतो: पितळ 8.5, तांबं 9, चांदी 10.5, अठरा कॅरट पंधरा-सोळाच्या दरम्यान. बाविसातल्या अर्ध्या-पाऊण कॅरटाचा निवाडा त्याच्याकडून होत नाही. पोकळ गोठ, लाख भरलेला साज, खड्यांची कुडी यांना तर तो लागूच पडत नाही. आणि टंगस्टनची घनता जवळपास शुद्ध सोन्याइतकीच, 19.3, असल्यामुळे आत टंगस्टन असलेलं चोवीस कॅरटचं नाणं या परीक्षेत बिनबोभाट पास होतं.

मग एक्सआरएफ. पेटीसारखं यंत्र, खालून क्ष-किरणांचा बारीक झोत दागिन्यावर पडतो, प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतो आणि यंत्र त्यावरून प्रमाण काढतं. दागिन्याला ओरखडाही पडत नाही आणि मिनिटभरात आकडा येतो, त्यामुळे लोकांचा यावर फार विश्वास. सराफाच्या दुकानातही ते असतं. तिथे नेहमी जे होतं ते असं: दागिना ठेवायचा, एक बटण, एक आकडा, छापील चिठ्ठी.

शिक्क्याजवळ आकडा आला 91.7 टक्के. शिक्क्याच्या समोरच्या बाजूला 91.6. नक्षीच्या माथ्यावर 91.8. दुकानातल्या चिठ्ठीवर यातलाच एक आकडा छापला गेला असता आणि पाटली बाविसाची ठरली असती. जोडाच्या मधल्या तुकड्यावर झोत नेला तेव्हा 77.1 आला.

तुकडा अठरा कॅरटचा होता. तरी 75 न येता 77.1 का? कारण रंग जुळवायला त्यावर गिलेट केलेलं होतं. सोन्याच्या मिश्रणात हे यंत्र सुमारे दहा मायक्रॉन खोलवरचंच पाहतं, त्याखालचं त्याला दिसत नाही. गिलेटचा थर मायक्रॉनच्या अंशाइतका पातळ असला तर झोत त्याच्या आरपार जातो आणि आकडा किंचितच वाढतो. थर जाड असेल तर यंत्र फक्त थरच मोजतं आणि आतल्या चांदी-तांब्याला 91.6 म्हणून सांगतं. अशा वेळी न दिसणाऱ्या जागी, आतल्या बाजूला, कानसेने जरा खरवडून त्याच जागी पुन्हा आकडा घ्यायचा. दोन आकड्यांत फरक पडला की वर थर आहे. जोडाच्या जागी आम्ही तेच केलं आणि 75.2 आला.

जुने सराफ हेच काम कसोटीच्या दगडावर करत. दागिना घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ, दोन्हीवर तेजाब, आणि कोणती रेघ किती फिकी पडते ते पाहायचं. मुरलेला हात अजूनही अठरा आणि बावीस सहज वेगळे करतो. पण 916 आणि 900 यांच्यातला फरक डोळ्याच्या भरवशावर राहतो, आणि दगडही घासलेल्या जागेपुरतंच बोलतो.

पाटलीत दोन प्रकारचं सोनं आहे हे आता कळलं. घेणाऱ्याला द्यायचे आहेत पैसे, ते एकूण सोन्याचे. सरासरी काढायला फायर अ‍ॅसे, म्हणजे भट्टीत सोनं वेगळं काढून तोलायचं, हा मार्ग, आणि त्यातही एक मेख आहे. फायर अ‍ॅसेला सगळा दागिना लागत नाही, पाव ग्रॅमचा नमुना पुरतो. तो नमुना आम्ही शिक्क्याशेजारून खरवडला असता तर जगातल्या सर्वात अचूक परीक्षेने 916 हाच निकाल दिला असता, अगदी प्रामाणिकपणे. परीक्षा नमुन्याची होते, दागिन्याची नाही. एकसारख्या मिश्रणाच्या दागिन्यात याने फरक पडत नाही. जोड दिलेल्या, पुष्कळ डाख लागलेल्या किंवा तुकड्यांतून बनलेल्या दागिन्यात पडतो. चेनमध्ये शेकडो कड्या आणि तितकेच डाख असतात, तिथे एका कडीचा नमुना काय सांगणार.

म्हणून विकणारी आणि घेणारी दोघींची लेखी संमती घेऊन पाटली मुशीत वितळवली, ढवळून तिची लगड केली. वितळवण्याआधी आणि नंतर वजन घ्यायचं. मळ आणि थोडा डाख जळून काही मिलिग्रॅम घट येते, ती दोघींना दाखवायची. लगडीच्या वरून एक आणि खालून एक असे दोन नमुने कापले, कारण थंड होताना मिश्रण कधी कधी सारखं बसत नाही.

प्रत्येक नमुना 250.00 मिलिग्रॅमचा. त्यात त्यातल्या सोन्याच्या अंदाजे अडीचपट शुद्ध चांदी घातली. सोन्यातून चांदी-तांबं काढायचं असताना आणखी चांदी कशाला, असं पाहणाऱ्याला वाटतं. कारण असं की सोन्याचं प्रमाण जास्त असेल तर तेजाब आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही, सोनंच तिला झाकून ठेवतं. चांदी भरपूर असली की तेजाबाला आत शिरायला वाट मिळते. हे सगळं सुमारे चार ग्रॅम शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून मॅग्नेशियाच्या छोट्या वाटीत ठेवलं आणि भट्टीत 1,050 अंशांच्या पुढे तापवलं. शिसं वितळतं, हवेने त्याचं भस्म होतं, तांबं आणि इतर हलके धातू त्या भस्मात विरघळतात आणि सच्छिद्र वाटी ते शोषून घेते. शेवटी वाटीत सोनं आणि चांदी यांचा चकचकीत मणी उरतो. भट्टीचं तापमान कमी पडलं तर शिसं मण्यात अडकून राहतं आणि आकडा फुगतो. जास्त झालं तर सोन्याचा कणभर भाग वाटीत जिरतो आणि आकडा घसरतो.

मणी ठोकून चपटा केला, तापवून मऊ केला, रोलमधून सव्वा दशांश मिलिमीटर जाडीची पट्टी काढली आणि तिची सैल गुंडाळी केली. ही गुंडाळी तेजाबात दोनदा उकळायची, आधी पातळ मग तीव्र. चांदी विरघळून जाते, सोन्याची तपकिरी, मातीसारखी दिसणारी गुंडाळी उरते. पट्टी फार पातळ झाली तर इथे तिचा चुरा होतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. गरम पाण्याने धुऊन, वाळवून, तापवली की ती पुन्हा सोनेरी होते. मग वजन.

दोन्ही नमुन्यांची सरासरी 223.78 मिलिग्रॅम आली. पण हा अंतिम आकडा नव्हे. याच भट्टीत, शेजारच्या वाट्यांत, माहीत असलेल्या शुद्ध सोन्याचे तोलून घेतलेले तुकडे याच रीतीने जातात. ते सुरुवातीपेक्षा 0.15 मिलिग्रॅमने जड निघाले, म्हणजे तेजाबाने थोडी चांदी मागे ठेवली होती. तेवढंच आमच्या नमुन्यातही राहिलं असणार म्हणून 0.15 वजा केलं: 223.63. भागिले 250, गुणिले हजार: 894.5.

916 ऐवजी 894.5. हजारात साडेएकवीस कमी. 24.400 ग्रॅमवर ती तूट होते 0.525 ग्रॅम शुद्ध सोन्याची. हिशेबाला दर ग्रॅमला 10,000 धरला तर 5,250 रुपये. विक्री ठरताना फोटो आणि अ‍ॅप हे दोन्ही पुरावे खरे होते, दुकानातली एक्सआरएफची चिठ्ठीही खरीच निघाली असती, आणि तिन्हींत ही रक्कम कुठेच दिसली नसती.

आता जबाबदारी कुणाची? हॉलमार्कचा दागिना शिक्क्यापेक्षा कमी कसाचा निघाला तर शुद्धतेत जेवढी तूट त्याच्या रकमेच्या दुप्पट आणि तपासणीचा खर्च अशी भरपाई विकणाऱ्या सराफाकडून मागता येते. ही तरतूद बीआयएसच्या 2018 च्या नियमांत आहे. पण या पाटलीत मूळ सराफाचं सोनं 91.7 चंच होतं. तूट नंतर माप वाढवणाऱ्याच्या तुकड्यातून आली. मूळ सराफावर दावा टिकणार नाही. माप वाढवणाऱ्याने दिलेल्या पावतीवर तुकड्याचं वजन आणि कॅरट लिहिलेलं असेल तरच त्याला विचारता येतं. माप वाढवताना, चेन जोडताना, मंगळसूत्राच्या वाट्या बदलताना ते लिहून घ्यायला कुणी जात नाही, ही वेगळी गोष्ट. शिवाय एवढ्यासाठी दागिना वितळवायचीही गरज नसते. त्याच सराफाकडे काम करून, केंद्रात पुन्हा पाठवून नवा एचयूआयडी मारून मागता येतो. ही पाटली तशीच आली असती तर तिच्यावर 22K916 पडलाच नसता. 

फायर अ‍ॅसेलाही एक आंधळी जागा आहे आणि ती सांगायलाच हवी, कारण "मुशीत घातलं म्हणजे सुटका नाही" असं समजणारे सराफही आहेत. इरिडियम, रुथेनियम यांची भुकटी सोन्यात मिसळलेली असेल तर ती शिशाबरोबर वाटीत जात नाही आणि तेजाबात विरघळतही नाही. ती सोन्याच्या गुंडाळीतच बसून राहते आणि सोनं म्हणून तोलली जाते. इरिडियमची घनता 22.5 च्या वर, त्यामुळे पाण्यातलं वजनही फसतं. हे धातू दिसतात ते एक्सआरएफला, तेही यंत्रात त्यांची मोजणी चालू ठेवलेली असेल तर. लगडीवर भिंगाखाली करडे, कडक ठिपके दिसले किंवा रोलमधून काढताना पट्टीला भेगा पडल्या तर आम्ही थांबतो. म्हणून केंद्रात दोन्ही परीक्षा लागतात आणि त्यांचा क्रमही तोच असतो: आधी एक्सआरएफने काय काय मिसळलंय ते पाहायचं, मग भट्टीत सोनं नेमकं किती ते तोलायचं.

पाटलीच्या अहवालावर आम्ही लिहिलं ते असं: नग वितळवून तयार केलेली लगड, लगडीचं वजन, दोन नमुने, फायर अ‍ॅसेने शुद्धता 894.5, एक्सआरएफमध्ये सोनं, चांदी, तांबं यांव्यतिरिक्त काही आढळलं नाही. वितळवण्यापूर्वी दागिन्यावर असलेला एचयूआयडीही नोंदवला. घेणाऱ्या बाईंनी 894.5 च्या दराने लगड घेतली, घडणावळ अर्थातच कुणी धरली नाही.